जॉब, बॅच की मास? प्रश्नपत्रिकेतल्या तिरक्या रेषेमागचा इतिहास

ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या बहुपर्यायी प्रश्नांत जहाज आलं की ‘जॉब’, औषधाच्या गोळ्या आल्या की ‘बॅच’ आणि मोटारगाडी आली की ‘मास’, एवढं बहुतेकांना पाठ असतं. विविधता जास्त आणि संख्या कमी असेल तर जॉब, उलट असेल तर मास, आणि मधल्या जागेत बॅच. उत्पादन पद्धतींची ही वाटणी मुळात आली कुठून, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितलं जातं.

तिच्या मुळाशी ‘सेटिंग’ आहे. एक माल संपवून दुसरा सुरू करताना हत्यार, फिक्स्चर किंवा डाय बदलायला जो वेळ लागतो, तो. समजा, एका मशीनवर सेटिंगला 3 तास लागतात आणि नंतर एक नग 2 मिनिटांत निघतो. 10 नगच काढले तर सेटिंगची 180 मिनिटं त्या दहांवर वाटली जातात आणि प्रत्येक नगाला 20 मिनिटं पडतात. 100 काढले तर 3.8 मिनिटं, 1000 काढले तर 2.18. पुढे नग कितीही वाढवले तरी 2 मिनिटांच्या खाली जाता येत नाही, म्हणून फायदा झपाट्याने आटतो. आणि काढलेला माल विकला जाईपर्यंत गोदामात पडून राहतो, त्यात पैसा अडकतो.

या दोन खर्चांचा तोल कुठे साधायचा, याचं सूत्र वेस्टिंगहाउसमधल्या फोर्ड व्हिटमन हॅरिस या अभियंत्याने 1913 मध्ये मांडलं. तेच आजचं ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’. सूत्रात वर्गमूळ आहे, त्यामुळे सेटिंगचा खर्च एक चतुर्थांशावर आला की योग्य बॅच निम्मी होते. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

गंमत म्हणजे त्याच 1913 मध्ये दुसऱ्या फोर्डने, हेन्री फोर्डने, हा प्रश्नच बाजूला सारला. हायलँड पार्कच्या कारखान्यात मॉडेल टीची चॅसिस सरकत्या साखळीवर जुळवली जाऊ लागली आणि सुमारे साडेबारा तासांचं काम पुढच्या वर्षी 93 मिनिटांवर आलं. एकच मॉडेल, आणि 1914 ते 1925 रंगही फक्त काळा. माल बदलायचाच नाही म्हटल्यावर सेटिंग कसली? किंमत चुकवावी लागली ती 1927 मध्ये. जनरल मोटर्स वेगवेगळ्या पसंतीच्या गाड्या विकत होती आणि फोर्डला मॉडेल ए आणायची होती. त्यासाठी कारखाने काही महिने बंद ठेवावे लागले. एकाच मालासाठी घडवलेली यंत्रं दुसऱ्या मालाला चालेनात.

कारखान्यांची अशी वर्गवारी पद्धतशीरपणे केली ती इंग्लंडच्या जोन वुडवर्ड यांनी. 1950 च्या दशकात त्यांनी साउथ एसेक्समधल्या 100 कंपन्या अभ्यासल्या आणि तीन गट पाडले: सुटे नग व लहान बॅच, मोठी बॅच व मास, आणि प्रोसेस. त्यांचा रोख व्यवस्थापनाच्या रचनेवर होता.

परीक्षेतली तिरकी रेषा आली ती 1979 मध्ये. हार्वर्डच्या रॉबर्ट हेज आणि स्टीव्हन व्हीलराइट यांनी एका बाजूला माल आणि दुसऱ्या बाजूला प्रक्रिया घेऊन तक्ता मांडला: छापखाना, अवजड यंत्रं, मोटार जुळणी, साखर शुद्धीकरण. ही उदाहरणं तिरक्या रेषेत बसतात आणि उरलेले दोन कोपरे जवळजवळ रिकामे राहतात. एकेक वेगळा नग सरकत्या लाइनवर काढला तर भांडवल वाया जातं, आणि लाखो सारखे नग जॉब शॉपमध्ये काढले तर मजुरी परवडत नाही. प्रश्न काढणाऱ्यांना ही रेषा फार सोयीची पडली. संख्या आणि विविधता दिली की उत्तर एकच.

पण तक्ता छापून येण्याच्या दहा वर्षं आधीच जपानमध्ये रेषेचा पाया हलला होता. 1969 मध्ये शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या 1000 टनी प्रेसची डाय बदलण्याचा वेळ चार तासांवरून दीड तासावर आणि मग तीन महिन्यांत तीन मिनिटांवर आणला. मशीन बंद असतानाच करता येणारी कामं वेगळी काढायची आणि बाकीची मशीन चालू असतानाच उरकून ठेवायची, ही मुख्य युक्ती. आपल्या उदाहरणातलं सेटिंग 180 मिनिटांवरून 9 वर आलं तर 10 नगांची बॅच प्रत्येकी 2.9 मिनिटांत निघते, म्हणजे पूर्वीच्या 100 नगांपेक्षा स्वस्त. हॅरिसचं सूत्र बदललं नाही. त्यात घालायचा आकडा बदलला.

म्हणून ‘मोटारगाडी म्हणजे मास’ हे उत्तर मला अर्धंच वाटतं. जुळणीची लाइन मास खरी. पण त्याच आवारातल्या प्रेस शॉपमध्ये दरवाजे आणि बॉनेट डाय बदलून बॅचने निघतात, आणि त्या डाय दुरुस्त करणाऱ्या टूलरूममध्ये प्रत्येक काम जॉब असतं. प्रश्नात नुसतं उत्पादनाचं नाव असेल तर ठरलेला पर्याय निवडा. विभागाचं नाव, लॉटचा आकार किंवा सेटिंगचा वेळ दिला असेल, तर गाडी विसरा आणि त्या विभागाचं उत्तर द्या.