सप्तमेश बाराव्यात: विरह कुठे संपतो आणि वेगळं होणं कुठे सुरू होतं

लग्नाची पत्रिका बघताना सप्तमेश सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानात दिसला, की आज पहिला शब्द उच्चारला जातो तो घटस्फोट. हा अर्थ मुळात इतका जुना नाही. बृहत्पाराशर होराशास्त्रातली भावेशफलं बघा. सप्तमेश सहाव्यात असेल तर पत्नी आजारी आणि तिच्याशी वैर. आठव्यात असेल तर संसारसुखाची उणीव, पत्नीची प्रकृती आणि स्वभाव दोन्ही बिघडलेले. बाराव्यात असेल तर माणूस गरीब आणि कंजूष, पत्नी खर्चिक, उपजीविका वस्त्रांवर. दुःख भरपूर सांगितलं आहे, पण लग्न मोडल्याचं सांगितलेलं नाही. शिवाय ही फलं पुरुषाच्या पत्रिकेवर लिहिलेली आहेत. आज मुलीची पत्रिका समोर ठेवून तीच वाक्यं जशीच्या तशी वाचली जातात, हे मला मुळातच चुकीचं वाटतं.

यामागचा तर्क स्थानं मोजली की कळतो. सप्तमापासून मोजलं तर सहावं स्थान बारावं येतं, म्हणजे जोडीदाराचा व्यय. बारावं स्थान सहावं येतं, म्हणजे कुरबूर, देणं, आजारपण. आठवं मात्र दुसरं येतं, म्हणजे जोडीदाराचं कुटुंब आणि धन. स्त्रीच्या पत्रिकेत यालाच मांगल्यस्थान म्हणतात. तीन स्थानांना एकाच 'त्रिक' शब्दात बांधलं असलं तरी तिन्हींचा स्वभाव वेगळा आहे. इथे मी फक्त बाराव्याचा विचार करतो, कारण कोकणात या स्थानाला स्वतःचा इतिहास आहे.

बारावं स्थान म्हणजे परगाव, परदेश, शय्या आणि खर्च. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहिल्या आणि रत्नागिरीकडचे पुरुष बोटीने तिकडे जाऊ लागले. दिवसा साच्यावर काम, जेवण खानावळीत आणि झोप गाळ्यात पाळीपाळीने. बायको गावी शेती, गुरं आणि सासूसासऱ्यांना सांभाळायची. महिन्याला मनीऑर्डर, गणपतीला आणि शिमग्याला भेट. दर्यावर्दी घरांतही हेच, फक्त गिरणीच्या जागी जहाज. नवरा-बायको वर्षातले दहा-अकरा महिने वेगळे राहत, आणि त्याला कुणी वेगळं होणं म्हणत नसे. वस्त्रांवर उपजीविका आणि घरापासून दूर नवरा, या दोन्ही गोष्टी जुन्या श्लोकाशी जुळतात तो योगायोगच आहे. तरी गिरणगावातल्या माणसाची पत्रिका वाचताना तो माझ्या मनात येतोच.

घटस्फोट हा शब्द या फलात शिरला तो कायद्यानंतर. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा 1947 साली झाला, देशभरासाठी हिंदू विवाह कायदा 1955 साली आला आणि परस्परसंमतीने घटस्फोटाची तरतूद त्यात 1976 साली झाली. आधी 'स्त्रीसुख कमी' एवढंच लिहिणारे ज्योतिषी हळूहळू 'विभक्त होण्याचा योग' लिहू लागले. ग्रह होते तिथेच होते. बदलला तो भोवतालचा समाज.

आता एक पत्रिका उदाहरण म्हणून घेऊ. मुलगी मालवणकडची, स्थळ आलेला मुलगा जहाजावर नोकरीला. तिचं तूळ लग्न, सप्तमात मेष, म्हणून सप्तमेश मंगळ. तो बाराव्यात कन्येत 12 अंशांवर, हस्त नक्षत्रात. गुरू अकराव्यात सिंहेत. चंद्र धनू राशीत 20 अंशांवर, म्हणजे पूर्वाषाढाच्या बरोबर मध्यावर.

घाईने वाचणारा दोन वाक्यांत निकाल देईल: सप्तमेश व्ययात, वर व्ययातला मंगळ, म्हणजे मंगळदोषही. पण बाराव्यातल्या मंगळाची आठवी दृष्टी कुठे पडते ते मोजा. ती सप्तमावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच मेष राशीवर पडते. स्वामी घराबाहेर आहे, पण घराकडे बघतो आहे. सिंहेतल्या गुरूची नववी दृष्टीही मेषेवरच. नवांशात मंगळ मेषेत, स्वराशीत. दशेचा विचार केला तर जन्मवेळी शुक्राची दहा वर्षं उरलेली, मग रवी सहा, चंद्र दहा. मंगळाची सात वर्षं सव्विसाव्या वर्षी सुरू होऊन तेहेतिसाव्याला संपतात. म्हणून मी त्या घरी एवढंच सांगेन, की सव्विसाव्या वर्षानंतर नवरा लांब, खर्च मोठा आणि घराची जबाबदारी हिच्यावर, असा काळ दिसतो. लग्न मोडेल असं इथे दिसत नाही.

तसं म्हणायला मला आणखी पुरावा लागेल. सप्तमेश अस्तंगत किंवा नीच, सप्तमावर शनी-राहूचा दाब, शुक्रही पीडित, नवांशात तीच कथा, आणि या सगळ्यावर तशीच दशा. यातलं एखादंच असेल तर मी गप्प बसतो. ढोबळ हिशेबाने सप्तमेश बारापैकी तीन स्थानांत म्हणजे चारातल्या एका पत्रिकेत पडणारच. जोडप्यातल्या निदान एकाच्या पत्रिकेत तो असण्याचं प्रमाण जवळपास चव्वेचाळीस टक्के येतं. एवढ्या घरांना घटस्फोट सांगायचा म्हटलं तर किनाऱ्यावरची निम्मी लग्नं ठरणारच नाहीत.

कोकणात आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बरीच घरं टिळक पंचांग पाळतात. त्याचं अयनांश चित्रापक्षाहून सुमारे चार अंशांनी कमी, म्हणून प्रत्येक ग्रह तिथे तेवढा पुढे दिसतो. वरच्या पत्रिकेत मंगळ कन्येतच राहतो, पण सोळा अंशांवर येऊन त्याचा नवांश वृषभ होतो, आणि चंद्र चार अंश पुढे सरकल्याने मंगळाची दशा सव्विसाऐवजी विसाव्या वर्षीच सुरू होते. हाच मंगळ कन्येत 27 अंशांवर असता तर टिळक पंचांगात तो तूळेत, थेट लग्नात आला असता आणि व्ययाचा प्रश्नच उरला नसता. मुलाची पत्रिका एका पंचांगाची आणि मुलीची दुसऱ्याची, असं मेलन घातलं की निघणारा दोष ग्रहांचा नसतो, हिशेबाचा असतो.

आजी-आजोबांच्या पत्रिका अनुभव म्हणून तपासायच्या असतील तर वेळही बघावी. मुंबईत 1955 पर्यंत चालणारा 'मुंबई टाइम' भारतीय प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होता. लग्न चार मिनिटांत साधारण एक अंश सरकतं, म्हणजे ही चूक जवळपास दहा अंशांची. सप्टेंबर 1942 ते ऑक्टोबर 1945 मध्ये घड्याळं एक तास पुढे होती. ती वेळ तशीच धरली तर पंधरा अंशांचा फरक पडतो आणि लग्नराशीच बदलू शकते. मग सप्तमेशही दुसराच निघतो.

जहाजावरच्या स्थळाला घरच्यांनी होकार द्यायचा की नाही, हे बोलताना मी मंगळाच्या आधी मुलीला एक विचारतो: तो आठ महिने समुद्रावर असताना तू मालवणात सासरी राहणार, की मुंबईत खोली घेऊन नोकरी करणार?