पार्श्वभूमी : नेफ्रॉनच्या आकृतीतले तीन बाण

नेफ्रॉनची, म्हणजे वृक्कातल्या मूत्र तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकाची, आकृती दहावीच्या वहीत सगळ्यांनीच काढलेली असते. तिच्यातले बाण मात्र आपण घाईत मारतो, आणि खरा वाद झाला तो या बाणांवरच.

```
रक्त आत (अभिवाही धमनिका)
   │
केशिकागुच्छ ──(१) गाळण──► बोमन संपुट
   │                         │
नलिकेभोवतीच्या ◄─(२) पुनःशोषण── नलिका
केशिका        ──(३) स्रवण────► नलिका
   │                         │
रक्त बाहेर               संग्राहक नलिका
(वृक्क शीर)                  │
                           मूत्र
```

वृक्कातले बारीक गोळे, म्हणजेच आकृतीतले केशिकागुच्छ, सतराव्या शतकातच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. पण ते नलिकेला जोडलेले आहेत हे 1842मध्ये इंग्लंडमधल्या एका शल्यवैद्याने दाखवले. त्याच्या मते गोळ्यातून फक्त पाणी झिरपते आणि युरियासारखी द्रव्ये नलिकेच्या पेशी स्वतः आत सोडतात, म्हणजेच स्रवण करतात. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका तरुण शरीरक्रियाशास्त्रज्ञाने वेगळेच मांडले. रक्ताच्या दाबाने गोळ्यातून प्रथिने सोडून जवळजवळ सगळेच गाळले जाते आणि नलिका त्यातले कामाचे परत घेते, असे तो म्हणाला.

पुढची ऐंशी वर्षे या दोन मतांत ओढाताण चालली. गाळण्याच्या मताच्या विरोधकांचा सर्वांत बोचरा मुद्दा हिशेबाचा होता. माणूस दिवसाला साधारण 35 ग्रॅम युरिया बाहेर टाकतो आणि रक्तात तो 100 मिलिलिटरला जेमतेम 50 मिलिग्रॅम असतो. तेवढा युरिया नुसत्या गाळण्याने काढायचा तर रोज 70 लिटर द्रव गाळून त्यातला जवळजवळ सगळा परत घ्यावा लागेल. एवढा उलटसुलट खटाटोप शरीर कशाला करेल, असा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न रास्त होता, पण निसर्गाला काटकसरी मानणे ही चूक होती. आज आपल्याला माहीत असलेला आकडा त्याहूनही मोठा आहे : मिनिटाला सुमारे 125 मिलिलिटर, म्हणजे दिवसाला 180 लिटर. मूत्र होते दीड लिटर, बाकी सगळे परत जाते.

निकाल लागला 1924मध्ये, फिलाडेल्फियात, बेडकाच्या वृक्कावर. काचेची केसासारखी बारीक नळी थेट संपुटात खुपसून तिथला द्रव काढला. त्यात प्रथिने नव्हती, साखर मात्र होती. त्याच बेडकाच्या मूत्राशयातल्या मूत्रात साखर नव्हती. म्हणजे साखर गाळली गेली आणि वाटेत परत घेतली गेली. माझ्या मते वृक्काच्या अभ्यासात याहून नेटका पुरावा दुसरा नाही. आपल्या शरीरातही रोज 180 ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज गाळले जाऊन परत येते. रक्तातली साखर 100 मिलिलिटरला 180 मिलिग्रॅमच्या वर गेली की नलिकेची ताकद अपुरी पडू लागते आणि साखर लघवीत उतरते.

स्रवणवादीही पूर्ण हरले नाहीत. केशिकागुच्छ मुळातच नसलेले काही समुद्री मासे मूत्र तयार करतातच, आणि ते स्रवणाने. तिसरा बाण आकृतीत राहिला तो म्हणून.

डायलिसिस समजायला हे तीन बाण लागतात. त्याला मराठीत सर्रास ‘कृत्रिम गाळणी’ म्हणतात आणि तिथेच गोंधळ होतो. 1943मध्ये नेदरलँड्समधल्या एका डॉक्टराने सॉसेजच्या सेलोफेनची नळी लाकडी पिंपावर गुंडाळून यंत्र बनवले. त्यात युरिया मुख्यतः गाळला जात नव्हता. दाट बाजूकडून पातळ बाजूकडे तो आपोआप सरकत होता. आजच्या यंत्रातही युरिया असाच जातो. दाबाने गाळून काढले जाते ते साठलेले पाणी, एका वेळी साधारण दोन-तीन लिटर. ते घाईने काढले तर रक्तदाब घसरतो आणि पायात गोळे येतात.

पुनःशोषणाचा बाण यंत्रात नाहीच. त्याची सोय पडद्यापलीकडच्या द्रवात केलेली असते. त्यात सोडियम रक्ताइतकेच ठेवतात, म्हणून ते गमावले जात नाही. युरिया अजिबात नसतो, म्हणून तो निघून जातो. आधी 150 असलेला युरिया चार तासांनी 50वर आला तर घट 67 टक्के झाली. 65च्या वर असेल तर बैठक पुरेशी मानतात.

तिसऱ्या बाणाची उणीव मात्र रुग्णाला घरी जाणवते. गाळलेले पोटॅशियम बहुतेक सगळे वाटेतच परत शोषले जाते. लघवीतले पोटॅशियम मुख्यतः नलिकेच्या शेवटच्या भागातल्या स्रवणातून येते. यंत्र हे काम आठवड्यातले 12 तासच करते, तेही पलीकडच्या द्रवात पोटॅशियम कमी ठेवून. उरलेल्या 156 तासांत ते रक्तात साठत राहते. म्हणूनच आजाऱ्याला शक्ती यावी म्हणून प्रेमाने दिलेले शहाळ्याचे पाणी डायलिसिसच्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकते.