वैधता कोणत्या तारखेपासून?

"निविदेसोबतच्या ईमेलमध्ये 'आमचे दर आजपासून ९० दिवस वैध' एवढं लिहिलं की पुरतं ना? म्हापशात सगळे असंच लिहितात."

नाही पुरत. दिवस कुठून मोजायचे हे निविदेत लिहिलेलं असतं. बहुतेकदा सादर करण्याच्या शेवटच्या तारखेपासून किंवा निविदा उघडल्यापासून.

समजा, वेर्ण्याच्या एका कारखान्याने कँटीनच्या फर्निचरसाठी ईमेलने निविदा मागवली. शेवटची तारीख १० जून, वैधता त्या तारखेपासून ९० दिवस, म्हणजे ८ सप्टेंबरपर्यंत. तुम्ही ३ जूनलाच ईमेल पाठवून "आजपासून ९० दिवस" लिहिलंत, तर तुमची वैधता १ सप्टेंबरलाच संपते. सात दिवस कमी, आणि एवढ्यावरूनही निविदा बाद होऊ शकते. लवकर पाठवणाऱ्यालाच हा फटका बसतो, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून अखेरची तारीखच लिहा:

"निविदेच्या सर्व अटी आम्हाला कोणत्याही बदलाविना मान्य आहेत. सोबत तीन फाइल्स: `01_Technical.pdf`, `02_Price.pdf`, `03_EMD.pdf`. आमचा देकार ८ सप्टेंबरपर्यंत वैध राहील."

"बदलाविना" लिहिण्याआधी दरपत्रकाच्या तळाशी छापलेल्या स्वतःच्या अटी वाचा. तिथे "हे दर ३० दिवस वैध" असेल, तर ईमेल आणि फाइल एकमेकांना खोटं पाडतात. तांत्रिक माहिती आणि दर वेगवेगळे मागवणारी दोन लिफाफ्यांची पद्धत असेल, तर रक्कम ईमेलमध्ये लिहू नका आणि दराची फाइल निविदेत सांगितलेल्या पद्धतीनेच वेगळी पाठवा.