दुष्फेन पाणी, साबण आणि डिटर्जंट: पार्श्वभूमी

कोल्हापुरात नदीच्या पाण्यावर साबणाची वडी सहज फेसाळते. तीच वडी शिरोळ किंवा हातकणंगल्याकडच्या एखाद्या खाऱ्या बोअरच्या पाण्यात घासा, फेस लवकर धरतच नाही. पाण्यावर पांढरट साय तरंगते, बादलीच्या कडेला चिकट काळपट थर बसतो आणि वाळलेला पंचा कडक होतो. अशा पाण्याला दुष्फेन पाणी म्हणतात. साबण बदलून बघितला तरी तेच होतं, पण धुण्याची पावडर त्याच पाण्यात फेस देते. हा फरक ब्रँडचा नाही, रेणूच्या एका टोकाचा आहे. ते टोक कसं कळलं आणि पुढं कुणी का बदललं, हे सांगण्यासारखं आहे.

साबण करणं माणसाला फार आधीपासून येत होतं. चरबी किंवा तेल घ्यायचं, त्यात राखेतून काढलेला क्षार घालून तासन्‌तास उकळायचं आणि शेवटी मीठ टाकलं की साबण वर येतो. पण या कढईत नेमकं काय होतं, हे मात्र 19 व्या शतकापर्यंत कळलेलं नव्हतं. तेल आणि क्षार एकजीव होऊन साबण बनतो, अशीच समजूत होती. 1783 मध्ये स्वीडनच्या कार्ल शीलने ऑलिव्ह तेल शिशाच्या ऑक्साइडबरोबर तापवून त्यातून एक गोड, दाट द्रव वेगळा काढल्याचं मांडलं. तो ग्लिसरीन. म्हणजे तेलातून काहीतरी सुटतंय, हा पहिला धागा तिथं हाती लागला.

तो धागा शेवटपर्यंत नेला फ्रान्सच्या मिशेल शेव्रलने. 1811 च्या सुमारास डुकराच्या चरबीच्या साबणाचा नमुना त्याच्यापुढं तपासायला आला. त्याने त्यात आम्ल घातलं, तेव्हा मूळ चरबी परत मिळाली नाही. मिळालं ते स्वतःच आम्लधर्मी असलेलं, मेणासारखं घन. पुढची बरीच वर्षं एकेक चरबी तपासत त्याने 1823 मध्ये सगळं काम ग्रंथरूपात मांडलं: चरबी म्हणजे ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांची जोडणी, क्षार ती जोडणी तोडतो आणि सुटलेल्या मेदाम्लांचा क्षारलवण म्हणजे साबण. तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं जोडलेली असतात, त्यामुळे कॉस्टिक सोड्याचे तीन रेणू लागतात आणि साबणाचे तीन रेणू मिळतात. एक किलो खोबरेल तेलाला साधारण 180 ग्रॅम कॉस्टिक लागतं, ते याच हिशेबाने. त्याहून जास्त टाकलं तर उरलेलं कॉस्टिक वडीत राहतं आणि कातडी भाजते. कमी टाकलं तर तेल उरतं, वडी मऊ आणि तेलकट होते आणि पुढं तिला खवट वास येतो.

आता या साबणाच्या रेणूकडे जवळून पाहू. त्याची कार्बनची लांब शेपटी तेलात रमते, तर डोकं पाण्यात. डोक्यावर कार्बोक्झिलेट गट असतो, म्हणजे दोन ऑक्सिजनवर एकवटलेला ऋण भार. सोडियम त्याला सैल धरतो, म्हणून सोडियमचा साबण पाण्यात मिसळतो. मळ तेलकट असतो. अनेक शेपट्या त्यात रुततात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि तो पाण्याबरोबर सुटून जातो. पण पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असलं, तर त्यांचा भार दोन असल्याने एक कण दोन डोक्यांना घट्ट पकडतो. असा साबण पाण्यात विरघळत नाही. फाटलेल्या दुधासारखे गोळे बनून तो वर येतो. पंचा कडक करणारा आणि बादलीला चिकटणारा थर तो हाच.

आपल्याकडचं भूजल दख्खनच्या काळ्या बेसाल्टच्या फटींतून फिरतं आणि खडकातला कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन वर येतं. नदीच्या पाण्याला तेवढा वेळ मिळत नाही.

यात साबण किती जातो, याचा हिशेब करून पाहू. बोअरच्या पाण्याची दुष्फेनता लिटरला 300 मिलिग्रॅम (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) धरू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात 200 ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालतं, म्हणजे 300 काही टोकाचा आकडा नाही. 20 लिटरच्या बादलीत ते 6 ग्रॅम झाले. एवढ्या कॅल्शियमला गप्प करायला सुमारे 37 ग्रॅम शुद्ध साबण खर्च होतो, आणि त्यातून एकही डाग निघत नाही. फेस त्यानंतर सुरू होतो.

उपाय दोन प्रकारचे होते: पाणी बदला, नाहीतर डोकं बदला. पाणी उकळल्याने बायकार्बोनेटमुळे आलेली दुष्फेनता जाते, सल्फेट-क्लोराइडमुळे आलेली जात नाही. धुण्याचा सोडा दोन्ही काढतो.

डोकं बदलायची गरज मात्र युद्धाने आणली. पहिल्या महायुद्धात जर्मनीत चरबीचा तुटवडा पडला, तेव्हा बीएएसएफ या कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी कोळशापासूनच्या नॅप्थलीनला सल्फोनेट गट जोडून 'नेकाल' तयार केलं. ते कापड ओलं करायला चांगलं होतं, मळ काढायला कमजोर, कारण शेपटी आखूड होती. 1930 च्या दशकात लांब शेपटीच्या अल्कोहोलवर सल्फेटचं डोकं बसवलं, ते धुण्याला खरोखर चाललं. 1946 मध्ये अमेरिकेत आलेल्या टाइडमध्ये त्याच्या जोडीला फॉस्फेट होतं. आपल्याकडे 1959 मध्ये सर्फ आलं आणि 1969 पासून अहमदाबादच्या निरमाने पावडर स्वस्त केली.

सल्फोनेटच्या डोक्यात ऋण भार तीन ऑक्सिजनवर पसरलेला असतो. तो प्रबळ आम्लाचा लवण आहे, त्यामुळे कॅल्शियमची त्याच्यावर पकड फारशी घट्ट नसते आणि झालेला कॅल्शियम-लवणही पाण्यात बऱ्यापैकी टिकतो. म्हणून फेस मोडत नाही, थर बसत नाही. पण दुष्फेन पाण्याने डिटर्जंटचं काहीच बिघडत नाही, असं म्हणणं बरोबर नाही. पावडरीत सर्रास वापरलं जाणारं अल्किल बेंझीन सल्फोनेट खूप दुष्फेन पाण्यात थोडं निकामी होतंच. म्हणून पावडरीत कॅल्शियमला बाजूला ठेवणारा दुसरा घटक घालतात. हे काम आधी फॉस्फेट करायचं, पण सांडपाण्यातलं फॉस्फेट तळ्यात-नदीत शेवाळाला खतासारखं मिळतं. रंकाळा आणि पंचगंगेतली जलपर्णी पाहिलेल्यांना ही अडचण वेगळी सांगायला नको, जरी तिथं सांडपाण्यातले इतर घटकही वाटेकरी आहेत. 1970 च्या दशकात फॉस्फेटच्या जागी झिओलाइट वापरात आलं, जे कॅल्शियम आपल्या पोकळ्यांत अडकवतं आणि बदल्यात सोडियम सोडतं. स्वस्त पावडरीत मात्र भर असते ती सोडा अॅशवर. ती कॅल्शियमची चुनखडी करून खाली बसवते, आणि जास्त दुष्फेन पाण्यात ती चुनखडी कापडावरही बसते. डिटर्जंटनेच धुतलेला पंचा तरीही कडक होत असेल, तर कारण बहुधा हे असतं.

आपलं पाणी कसं आहे, ते घरी बघता येतं. अंगाच्या साबणाचा खिस डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून घ्या, बॅटरीसाठी मिळतं ते चालतं. एका बाटलीत बोअरचं आणि दुसरीत तेवढंच डिस्टिल्ड पाणी घ्या. दोन्हींत सारखे थेंब टाकत हलवत राहा. दुसरीत फेस लगेच टिकेल, पहिलीत आधी पांढरे कण दिसतील, आणि फेस टिकायला जितके जास्त थेंब लागतील तितकं पाणी दुष्फेन. वडीच्या जागी डिटर्जंटचं द्रावण घेतलं, तर हा फरक जवळजवळ दिसत नाही.