उकळतं पाणी आणि चिक्कीचा पाक: भाजणं सारखं नाही

दर संक्रांतीला ओळखीतल्या कुणाच्या तरी हातावर पट्टी दिसतेच. विचारलं की उत्तर ठरलेलं: "चिक्की करताना पाक उडाला गं, पटकन पुसून टाकला म्हणून निभावलं." हे पटकन पुसणंच मला खुपतं. अंगावर उकळतं पाणी पडलं की आपण हात झटकतो, पुसतो. पाक उडाल्यावरही हात तेच करायला जातो आणि जखम वाढते ती त्यामुळेच.

पाण्याचं भाजणं सगळ्यांना माहीत आहे. पाणी 100 अंशांच्या वर तापत नाही, त्वचेवरून ओघळून जातं आणि जाता जाता निवतं. चहा सांडला, भाताची पेज उडाली, सगळं याच जातीचं. यावर जास्त बोलायची गरज नाही.

पाकाचं वेगळं. गूळ विरघळला की त्यातलं पाणी उडत जातं आणि जसजसं पाणी कमी होतं तसतसा पाक जास्त तापत जातो. गुलाबजामचा एकतारी पाक साधारण 105 अंशांवर असतो. चिक्कीचा कडक पाक, जो पाण्याच्या वाटीत टाकला की टणक होतो आणि कट्‌कन मोडतो, तो 145 ते 150 अंशांपर्यंत गेलेला असतो. पण केवळ या आकड्यांनी घात होत नाही. घात होतो तो पाक चिकटतो म्हणून.

दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जाऊबाई पाव किलो गुळाची चिक्की करत होत्या. पाक तयार झाला, दाणे टाकले, ढवळताना उलथणं कढईच्या काठावर आपटलं आणि चिंचोक्याएवढा थेंब अंगठ्याच्या मागे पडला. त्यांनी लगेच पदराने पुसला. पाक तोवर अर्धवट घट्ट झाला होता. तो नीट निघाला नाही, ओढला गेला, मनगटापर्यंत फरफटत गेला आणि जिथे घट्ट बसला होता तिथली कातडी घेऊनच सुटला. एका थेंबाची जखम दोन बोटं लांब झाली. त्यांना बरं व्हायला तीन आठवडे लागले आणि डाग अजून आहे.

असं का होतं ते एकदा नीट बघा. पाण्याचा थेंब त्वचेवर क्षणभर टेकतो आणि पुढे जातो. पाकाचा थेंब तिथेच बसतो. बाहेरून निवून त्याचं कवच होतं, पण त्वचेला लागलेली बाजू गरमच राहते आणि आत उष्णता सोडत राहते. त्वचा 70 अंशांना सेकंदाच्या आतबाहेर भाजते, मग दीडशे अंशांचा थेंब तिथे ठाण मांडून बसला तर काय होईल? म्हणून पाकाच्या बाबतीत पहिलं काम त्याला काढणं नाही, निववणं आहे.

तर पाक उडाला की पुसायचा नाही, नखाने खरवडायचा नाही, बोट तोंडात घालायचं नाही. बोट तोंडात घालणं तर फार वाईट, कारण चिकटलेला पाक ओठ आणि जीभही भाजतो. थेट नळाखाली, वाहत्या थंड पाण्यात, पाकासकट हात धरायचा. पाणी आधी निववतं आणि मग हळूहळू पाक विरघळवतं. तळणीचं तेल पाण्यात विरघळत नाही, साखर आणि गूळ विरघळतात, हे इथे आपल्या बाजूचं आहे. वीस मिनिटं तसंच धरून ठेवायचं, कंटाळा आला तरी. पाणी गेलेलं असेल तर पातेल्यातलं पाणी तांब्याने ओतत राहायचं. सूज यायच्या आधी अंगठी आणि बांगड्या काढायच्या. पाक नंतरही चिकटलेला असेल तर ओढायचा नाही, पाण्याखाली सुटेल तेवढा सुटू द्यायचा.

तूप लावायचा सल्ला मी अनेकदा ऐकते आणि प्रत्येक वेळी अडवते. तुपाचा थर बसला की पाणी पाकापर्यंत पोचत नाही, म्हणजे निववायचं आणि विरघळवायचं दोन्ही थांबतं. हळद, टूथपेस्ट, बर्फ हेही नको. बर्फाने भाजलेल्या कातडीला आणखी इजा होते. कपड्यांचंही उलट आहे: उकळत्या पाण्याने भिजलेला कपडा पटकन उतरवायचा, पण पाकाने अंगाला चिकटलेला कपडा ओढायचा नाही, त्यावरूनच पाणी ओतायचं. फोड फोडायचे नाहीत, स्वच्छ मऊ कापडाने सैल झाकायचं. चेहरा, डोळा, बोटांचे सांधे, लहान मूल, किंवा जागा पांढरी पडली आणि दुखेनाशी झाली, तर घरी थांबू नका, दवाखान्यात जा.

आता कढई. पाणी उकळताना खळखळाट आणि वाफ दिसते, म्हणून आपण मागे सरकतो. पाकाचं उलट आहे. सुरुवातीला गूळ फसफसतो आणि वाफ निघते, तेव्हा तो त्यातल्या त्यात कमी गरम असतो. पुढे बुडबुडे जाड आणि संथ होतात, वाफ जवळजवळ थांबते, पाक शांत दिसतो आणि नेमका तेव्हाच सगळ्यात तापलेला असतो. गॅस बंद केल्यावर बुडबुडेही थांबतात, पण जाड कढई पाकाला आणखी बराच वेळ तसाच गरम ठेवते. याच वेळी मुलं वाकून बघायला येतात.

बोटाने पाक बघायची सवय इथे सोडावीच लागते. एकतारी पाकाचा थेंब ताटलीत निववून दोन बोटांत धरणं ठीक, ते चिक्कीला आणू नका. वाटीभर गार पाण्यात थेंब टाका, निवू द्या, मग मोडून बघा. कढई खोल आणि जाड बुडाची, निम्म्याहून कमी भरलेली हवी, कारण सोडा घातला तर पाक फुगून वर येतो. दाणे भाजलेले आणि कोरडे असावेत, ओले दाणे पडले की पाणी क्षणात वाफ होऊन पाक उडवतं.

ओतताना सांडशीने भरलेली कढई उचलून उलटी करणं मला मुळीच मान्य नाही. कढई सांडशीत फिरते. दोन कान असलेली कढई घ्या, कोरड्या जाड फडक्याने धरा. फडकं ओलं असेल तर चटका थेट हाताला लागतो. तूप लावलेला पोळपाट गॅसशेजारीच ठेवा, कढईचा काठ त्याच्या अगदी जवळ आणा आणि उलथण्याने मिश्रण ढकला. बाह्या लांब आणि सुती असू द्या, ओढणी खोचलेली. पसरवायला तूप लावलेलं लाटणं घ्या, तळहात नाही.

कढईत उरलेल्या पाकावर लगेच पाणी ओतू नका, ते उसळून तोंडावर येतं. अर्धा तास निवू द्या, मग पाणी घालून मंद आचेवर ठेवा. दहा मिनिटांत चिकटलेला गूळ आपोआप सुटतो, घासावंही लागत नाही.