मिरवणुकीतला हात ओळखायचा कसा?

विसर्जनाच्या दिवशी पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर उभे राहिले की एकामागून एक ढोल-ताशा पथके समोरून जातात. थोड्या वेळाने प्रत्येकाला वाटते, हे मघाच्याच पथकाने वाजवले होते. ते तेच होते का, हे सांगणे सोपे नाही. वादक ज्याला 'हात' म्हणतात तो तालाचा ठराविक साचा असतो. कुठे त्याला नुसता क्रमांक असतो, पहिला हात, दुसरा हात. कुठे गरबा, भांगडा असे एखाद्या नाचाचे नाव असते. एका पथकाचा तिसरा हात दुसऱ्या पथकात पाचवा असू शकतो. म्हणून नाव विचारण्याआधी साचा कानाने धरता आला पाहिजे. त्यासाठी दोन गोष्टी तपासायच्या: आघात कुठे पडतात आणि लय किती आहे. क्रमही हाच ठेवायचा, कारण एकच हात पथक संथ सुरू करते आणि रंग चढला की जवळजवळ दीडपट लयीत नेते. लय बदलते, आघातांची मांडणी टिकते. हाताचे नाव त्या मांडणीचे असते.

आघात ढोलात ऐकायचे, ताशात नाही. ढोलाच्या एका पानावर, म्हणजे ताणलेल्या तोंडावर, हाताची थाप पडते, तिचा आवाज घुमतो. दुसऱ्या पानावर टिपरू म्हणजे काठी पडते, त्याचा आवाज कोरडा असतो. ताशाच्या दोन काड्या मधल्या जागा इतक्या दाट भरतात की नवख्या कानाला तिथे नुसती तर्री ऐकू येते. शेजारच्या गल्लीतून ऐकले तर हा फरक आपोआप उघडा पडतो. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेतीन मीटर लांब असते, ती इमारतीच्या कोपऱ्याला वळसा घालून येते. ३००० हर्ट्झच्या आवाजाची लाट जेमतेम अकरा सेंटिमीटरची, तिला कोपरा अडवतो. गल्लीत ताशा पुसट होतो, थापांचा सांगाडा तेवढा उरतो. हाताची ओळख पटवायला हाच सांगाडा लागतो, म्हणून पहिली मोजणी थोड्या आडोशाने केलेली बरी.

आता एक मोजणी करून पाहू. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत मोठ्या थापा मोजल्या, तीस आल्या. म्हणजे मिनिटाला १२०, दोन थापांमध्ये अर्धा सेकंद. यावरून हात मात्र ठरत नाही. थापेपासून थापेपर्यंतच्या अर्ध्या सेकंदाचे तीन भाग होतात की चार, हे बघायला आता ताशाजवळ जायचे. थाप पडली की एकसारख्या गतीने 'मो-र-या' म्हणा, तिन्ही अक्षरांना सारखाच वेळ द्या. पुढची थाप बरोबर पुढच्या 'मो'वर पडली आणि ताशाच्या काड्या अक्षरांवर बसल्या, तर विभागणी तीनची. ती सहा मात्रांच्या दादरा तालाच्या घराण्यातली, गरबा याच अंगाचा. मात्रा म्हणजे ताल मोजण्याचे एकक. अक्षरे कमी पडू लागली तर 'ग-ण-प-ती' म्हणून बघा. ती चपखल बसली तर चाल आठ मात्रांच्या केहरवा तालाकडची. कानापेक्षा जिभेवर विश्वास ठेवा असे मी सुचवेन, कारण नुसते ऐकताना मन स्वतःच गट पाडते. अगदी सारख्या जोराचे, सारख्या अंतराचे ठोके ऐकवले तरी माणसाला त्यांत दोन-दोनचे किंवा चार-चारचे गट ऐकू येतात आणि पहिला ठोका जोरात वाटतो. प्रत्यक्षात तो जोर तिथे नसतो.

तिसरा प्रकार हमखास फसवतो. आठ सारख्या मात्रांमध्ये थापा पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर पडतात:

ढुम · · ढुम · · ढुम ·

इथे थापांमधली अंतरे तीन, तीन आणि दोन मात्रांची आहेत. आठ मात्रांची एक फेरी, म्हणजे आवर्तन, एका सेकंदात पुरे होत असेल, तर पंधरा सेकंदांत पंचेचाळीस थापा मोजल्या जातात आणि लय मिनिटाला १८० निघते. ती चूक आहे. झांजवाल्यांच्या आणि नाचणाऱ्यांच्या पावलांकडे बघा: पाय एका आवर्तनात दोनदाच पडतो, पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर. पाचव्या मात्रेवर तर थापच नाही! खरी लय १२० आहे. थापा पावलांवर न बसता पुढेमागे सरकत असतील आणि दर आवर्तनाच्या सुरुवातीला पुन्हा पावलाशी जुळत असतील, तर हात या कुळातला आहे. याच कारणाने लय नेहमी पावलांवरून मोजावी आणि आघात थापांवरून.

पावले दुगुनीचाही उलगडा करतात. पथक दुगुनीत गेले की ठोके एकदम दुप्पट होतात, ऐकणाऱ्याला नवा हात सुरू झाल्यासारखे वाटते. पावले त्याच वेगाने पडत असतील आणि थापांच्या अंतरांचे प्रमाण तेच राहिले असेल, तर हातही तोच आहे.

लय फार चढली की मात्र ही पद्धत थकते. मिनिटाला १५० लयीत थापेचे अंतर ०.४ सेकंद उरते. त्याचे चार भाग केले तर एक भाग ०.१ सेकंदाचा, तीन केले तर साधारण ०.१३ सेकंदाचा. साधारण ०.१ सेकंदाखाली एकेक ठोका वेगळा मोजत जाणेच कठीण होते. भांगड्याच्या अंगाच्या हातात आणखी एक अडचण येते. त्यात तीन भागांपैकी पहिल्या आणि तिसऱ्यावरच ठोका असतो, एक लांब, एक आखूड, म्हणून त्याला झोल येतो. वेग वाढला की वादकाचा हात ही लांबी-आखूडता नकळत सपाट करतो आणि झोल निघून जातो. टोकाच्या लयीत तो हात साध्या दुपदरी चालीसारखा ऐकू येतो. म्हणून हात सुरू होतानाची संथ आवर्तने पकडावीत. शेवटच्या धुमाळीत नाव ठरवू नये. तोडा घेऊन थांबतानाची आवर्तनेही सोडून द्यावीत, तिथे साचा मुद्दाम मोडलेला असतो.

दुसरा धोका रस्त्याचा. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत सतरा मीटरवर असेल तर तिथे आपटून परतणारी थाप ०.१ सेकंद उशिरा येते. १५० लयीच्या चौपट विभागणीत मात्रेचे अंतरही नेमके ०.१ सेकंद आहे! प्रतिध्वनी बरोबर रिकाम्या मात्रेवर बसतो आणि तिथे थाप असल्याचा भास होतो. खरी थाप कोणती हे पथक पुढे सरकताना कळते. लय वाढली की खऱ्या ठोक्यांमधली अंतरे सारख्या प्रमाणात आखूड होतात, प्रतिध्वनीचे अंतर लयीबरोबर बदलत नाही, भिंतीपासूनच्या अंतराबरोबर बदलते. चौकात, जिथे भिंती लांब जातात, तिथे हा भास बहुतेक विरतो. लांबलचक पथकातही असेच होते: चौतीस मीटर मागच्या ढोलाचा आवाज पुढे ०.१ सेकंद उशिरा पोचतो, त्यामुळे एका टोकाला उभे राहून ऐकलेली थाप पसरट वाटते. पथकाच्या मध्याशी, ताशांच्या समोर उभे राहिलात तर ती एकवटलेली ऐकू येईल.

हे सगळे जमले की वहीत नावाऐवजी असे लिहा: 'आठ मात्रा, थापा १-४-७ वर, पावले १२०, शेवटी १५० पर्यंत चढ.' मग पथकातल्या कुणालाही थांबल्यावर तेवढे टाळ्यांनी वाजवून दाखवा आणि विचारा, तुमच्याकडे याला काय म्हणता? तो जे सांगेल ते समोर लिहा, शेजारी पथकाचे नावही. पुढच्या पथकाचा वादक त्याच टाळ्यांना वेगळे नाव देईल, तेही त्याच ओळीत लिहा.