टेम्पोचं भाडं आणि टेम्पोची फायनान्स लीज: हप्ता तोच, नोंद वेगळी

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एक टॉवेल कारखाना. वर्षअखेरीला त्यांच्या वह्या तपासताना ‘टेम्पो भाडे २,६६,२००’ अशी नोंद दिसली. मालक म्हणाले, “अहो, दरवर्षी हप्ता भरतोय, भाडंच की ते!” मी करारनामा मागितला. १ एप्रिलपासून तीन वर्षं, दर ३१ मार्चला २,६६,२०० रुपये आणि शेवटच्या हप्त्याबरोबर टेम्पो कारखान्याच्या नावावर. विमा, दुरुस्ती, मोडतोड, सगळं कारखान्याकडेच. मग ते भाडं कसलं?

साध्या भाड्यात गाडीची जोखीम देणाऱ्याकडे राहते, म्हणून तिथे हप्ता थेट खर्चात जातो आणि ताळेबंदात गाडी दिसत नाही. फायनान्स लीजमध्ये जोखीम आणि फायदा घेणाऱ्याकडे येतात. कागदावर मालक दुसरा असला तरी एएस १९ या लेखामानकाप्रमाणे गाडी आपल्या ताळेबंदात घ्यावी लागते.

किती रकमेला? तिन्ही हप्ते मिळून ७,९८,६०० होतात, पण ती गाडीची किंमत नव्हे. त्यात व्याज दडलेलं आहे. लीजचा दर १० टक्के धरला तर हप्त्यांची आजची किंमत २,४२,०००, २,२०,००० आणि २,००,००० येते, म्हणजे एकूण ६,६२,०००. टेम्पोची बाजारातली रोख किंमतही तेवढीच होती. ती कमी असती तर ती धरली असती. पहिल्या दिवशी वाहन खाते नावे ६,६२,०००, लीज देणे खाते जमा ६,६२,०००.

उरलेले १,३६,६०० हे व्याज. इथे बरेच जण तीनने भागून दरवर्षी ४५,५३३ टाकतात. हे चुकीचं आहे, कारण व्याज शिल्लक देण्यावर चढतं. पहिल्या वर्षी ६,६२,००० वर ६६,२०० व्याज. हप्त्यातले उरलेले २,००,००० देण्यातून वजा, शिल्लक ४,६२,०००. दुसऱ्या वर्षी व्याज ४६,२००, शिल्लक २,४२,०००. तिसऱ्या वर्षी २४,२०० आणि देणं संपलं. सारखं भागलं तरी तिसऱ्या वर्षाअखेरीस शून्यच येतं, म्हणून चूक लपून राहते. ती पहिल्या ३१ मार्चलाच पकडावी: त्या चुकीने शिल्लक ४,४१,३३३ दिसते, म्हणजे देणं २०,६६७ रुपयांनी कमी. लीज कंपनीच्या उताऱ्याशी ताडून पाहिलं की लगेच कळतं.

घसारा मात्र वेगळा. टेम्पो कारखान्याचाच होणार असल्याने तो वापराच्या ८ वर्षांवर पसरायचा: वर्षाला ८२,७५०. गाडी परत जाणार असती तर लीजची तीन वर्षं आणि वापराची वर्षं यांत जी मुदत कमी, ती धरली असती.

म्हणजे पहिल्या वर्षाचा खरा खर्च ६६,२०० अधिक ८२,७५०, एकूण १,४८,९५०. भाडं म्हणून २,६६,२०० टाकल्याने नफा १,१७,२५० रुपयांनी कमी दिसत होता आणि बँकेला दाखवायच्या ताळेबंदातून टेम्पोही गायब होता, त्याचं देणंही.

इंड-एएस ही वेगळी लेखामानकं लागू असलेल्या मोठ्या कंपन्यांत १ एप्रिल २०१९ पासून घेणाऱ्यासाठी हा फरक उरलेला नाही. तिथे अल्पमुदतीचे आणि किरकोळ किमतीचे करार सोडले तर साधं भाडंही ताळेबंदात येतं.